डॉलर ठेवायचे की मोडायचे

निपाणी

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

"बाबा, डॉलर वाढणार म्हणतात, मग ठेवू का?" हे फोनवर घाईत विचारलंस, म्हणून सविस्तर लिहितोय. उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांची परदेशी बिलं माझ्याच टेबलावरून जायची, तेव्हा हा प्रश्न मी पुष्कळ ऐकलाय.

तुझं बँकेतलं ईईएफसी खातं, म्हणजे परदेशी कमाई डॉलरमध्येच ठेवायचं खातं, हे चालू खातं आहे, त्यावर व्याज नाही. शिवाय त्यात डॉलर हवे तितके दिवस पडून राहू शकत नाहीत. जूनमध्ये जमा झालेले डॉलर खर्चाला लागले नाहीत, तर ३१ जुलैपर्यंत रुपयांत बदलावेच लागतात. म्हणजे तुझ्या हातात फार तर दोन महिने. आपल्याकडे भावाची वाट बघत तंबाखू गोदामात ठेवतात, तशी सोय इथे नाही.

आता तुझ्या २,००० डॉलरचं बघू. सर्व्हरचं बिल महिन्याला २०० डॉलर येतं ना? तेवढे राखून ठेव आणि बिल त्याच खात्यातून भर. नाहीतर आज बँकेला स्वस्तात विकलेले डॉलर पुढच्या आठवड्यात तिच्याकडूनच महाग घेशील. डॉलर ठेवायचं हे एक कारण मला पटतं.

उरले १,८००. हिशेबापुरता ८५ चा भाव धरला तर १,५३,००० रुपये होतात. टिळकवाडीच्या फ्लॅटचं कर्ज ९ टक्क्यांचं आहे. हे पैसे महिनाभर आधी कर्जात भरलेस, तर साधारण १,१५० रुपये व्याज वाचतं. म्हणजे महिनाभर थांबून तेवढंच मिळवायचं, तर डॉलर निदान ६४ पैशांनी वाढायला हवा. वाढेलही, पण उतरलाच तर व्याजही गेलं आणि भावही. रुपया कुठे जाईल हे छातीठोक सांगणारे आमच्या शाखेत रोज चहाला यायचे. त्यांचं मी ऐकून घेई, इतकंच.

भावात घासाघीस मात्र जरूर कर. बँक कार्ड रेट, म्हणजे तिचा त्या दिवसाचा ठरलेला भाव लावते आणि तो बाजारभावापेक्षा कमी असतो. रक्कम सांगून थेट विदेशी चलन विभागाला फोन कर आणि आजचा टीटी बाइंग रेट, म्हणजे खात्यात आलेले डॉलर बँक ज्या भावाने घेते तो, विचार. शेजारी मोबाइलवर बाजारभाव उघडा ठेव, म्हणजे फरक लगेच दिसेल. ३० पैसे जरी वाढवून मिळाले तरी ५४० रुपये झाले, आणि तेही त्याच दिवशी. शुक्रवारी संध्याकाळी किंवा मुदतीच्या शेवटच्या दिवशी जाऊ नकोस. तुला बदलायचेच आहेत हे समोरच्याला कळलेलं असतं, मग तो कशाला भाव वाढवेल? मुदत चुकवलीस, तर बँक स्वतःच्या भावाने बदलून मोकळी होते.

सप्टेंबरच्या १५ तारखेचा आगाऊ कर भरायचा असेल, तर ती रक्कम या रुपयांतूनच आधी बाजूला ठेव. हे १,८०० डॉलर मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास बदल आणि काय भाव मिळाला ते मला कळव.

तुझे,
बाबा