विषय : मुलांच्या खोलीतला बंक बेड नकाशाप्रमाणे नसणे, पंख्याचा धोका आणि तुमच्या ‘ग्राहक समाधान’ विभागाने केलेलं समाधान

प्रति,
व्यवस्थापक, होम फर्निचर विभाग

आजच दुपारी तुमच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांशी शेवटचं बोलणं झालं. शेवटचं, कारण यापुढे फोन करणार नाही, लिहीनच. ऑर्डरचा नंबर, सहीशिक्क्याचा नकाशा, कोटेशन आणि फोटो सोबत जोडले आहेत. ही सगळी कागदं तुमच्याकडेच तयार झाली, तेव्हा तिथे कोणाला तरी ती वाचता येत असतील असं धरून चालते.

खोली १० फूट बाय ११ फूट. मोठी मुलगी आठवीत, धाकटा पाच वर्षांचा. एकीला अभ्यासाला रात्री अकरापर्यंत दिवा हवा, दुसरा नऊला झोपतो. एकीला दार लावून कपडे बदलायचे असतात, दुसऱ्याला दार उघडं नसेल तर रडू येतं. तुमच्या डिझायनर बाई घरी आल्या, हे सगळं ऐकून घेतलं आणि खरंच चांगला नकाशा काढला. वर मोठी, खाली धाकटा. वर जायला शिडी नाही, पायथ्याशी भिंतीला लागून १८ इंच रुंदीचा जिना, त्याच्या पायऱ्यांत ड्रॉवर. पलंगाखालचे दोन ड्रॉवर धाकट्याचे, त्याचा हात पोचेल असे. कुलपाचं उभं कपाट मोठीचं, तेही भिंतीला चिकटवून नाही तर आडवं, म्हणजे त्याच्या मागे तिला कोपरा मिळेल. आणि मधला छताचा पंखा काढून भिंतीवरचे दोन पंखे. पंख्यांचं हे काम कोटेशनमध्ये स्वतंत्र ओळीत लिहिलेलं आहे, त्याचे पैसे तुम्ही घेतले आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

घरी आलं ते असं. जिन्याऐवजी लोखंडी शिडी. कपाट एकच, तीन दारांचं, भिंतीला सपाट लावलेलं, ‘खोली मोकळी दिसते’ म्हणून. कपडे टांगायचा दांडा साडेपाच फुटांवर, म्हणजे धाकट्याला शर्ट काढायचा तर बहिणीला हाक मारायची आणि बहिणीने ‘माझ्या कपाटाला हात लावू नकोस’ म्हणायचं. आमच्याकडे स्वतंत्र सामानाची जागा हवी होती ती हेच भांडण टाळण्यासाठी. छताचा पंखा तसाच.

आता पंख्याचं गणित सांगते. जमिनीपासून स्लॅब ११४ इंच. पंख्याची पाती स्लॅबपासून १४ इंच खाली, म्हणजे जमिनीपासून १०० इंचांवर. पंखा ४८ इंची, खोलीच्या मध्यावर. खोलीची रुंदी १२० इंच, मध्य ६० इंचांवर, पात्याचं टोक तिथून २४ इंच पुढे येतं. म्हणजे भिंतीपासून ३६ इंचांवर पातं फिरतंय. तुमचा पलंग भिंतीपासून ३९ इंच बाहेर आलाय. तीन इंच पलंग पंख्याखाली आहे. वरची फळी ६० इंचांवर, त्यावर तुम्ही ‘भेट’ दिलेली आठ इंची गादी. गादीचा पृष्ठभाग ६८ इंच, पातं १०० इंच, मध्ये उरले ३२ इंच. आठवीतली मुलगी ताठ बसली की तिचं डोकं साधारण एवढ्याच उंचीला येतं. मग ती टीशर्ट डोक्यातून काढते. हात कुठे जातात, हे मी लिहायलाच हवं का?

पण सर्वांत वाईट शिडीचं आहे. तुमच्या माणसांनी ती लांब बाजूला, पायाकडच्या टोकाशी लावली, म्हणजे नेमकी पंख्याच्या फेऱ्यात. शिडीच्या चार पायऱ्या, दर दहा इंचांवर एक. चौथीवर उभं राहिलं की पाय ४० इंचांवर. मुलीची उंची ५ फूट १ इंच, म्हणजे ६१ इंच. ४० आणि ६१ किती होतात ते मी तुमच्या समाधान विभागाला विचारलं होतं. रात्री अंधारात, पंखा चालू असताना, झोपेच्या तंद्रीत पाण्याला उतरणारी मुलगी आणि १०० इंचांवर फिरणारी पाती. नकाशातला जिना भिंतीकडून होता, त्यावरून चढणारं माणूस या फेऱ्यात येतच नव्हतं. म्हणून तो तिथे होता. शोभेला नव्हता.

दुसरी गोष्ट गादीची. पुस्तिकेत तुम्हीच छापलंय की वरच्या पलंगावर गादी पाच इंचांपेक्षा जाड नको. कठडा फळीपासून १२ इंच. पाच इंची गादी असती तर कठडा तिच्यावर सात इंच राहिला असता. आठ इंची गादीमुळे उरले चार. अमेरिकेत बंक बेडच्या नियमाप्रमाणे गादीच्या वर निदान पाच इंच कठडा लागतो. युरोपच्या मानकात तर १६० मिलिमीटर, म्हणजे सव्वासहा इंचांच्या आसपास. आपल्याकडेही भारतीय मानक ब्युरोचं बंक बेडसाठी वेगळं मानक आहे, आयएस १७६३६. तुमच्या पलंगावर त्याचा उल्लेख कुठे दिसला नाही. असेल तर प्रमाणपत्राची प्रत पाठवा. चार इंचांचा कठडा झोपेत कूस बदलणाऱ्या मुलाला थांबवत नाही, फक्त पडण्याआधी अडखळवतो. गादी म्हणे फुकट होती. अशी फुकट वस्तू पुन्हा कोणाला देऊ नका.

आता तो फोन. तो सविस्तर लिहिल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

मी वरचं सगळं गणित सांगितलं. पलीकडून ‘अच्छा मॅडम’, ‘हो मॅडम’ चालू होतं. मग ते म्हणाले, “मॅडम, पंखा आमच्या कामात येत नाही.” मी कोटेशनमधली ओळ वाचून दाखवली. ते म्हणाले, “ते इलेक्ट्रिकलचं डिपार्टमेंट वेगळं आहे.” मी विचारलं, कंपनी एकच आहे ना? त्यावर दोन मिनिटं गाणं ऐकलं. परत आल्यावर म्हणाले, “मॅडम, पंखा एकवर ठेवा, हळू फिरतो.” पुण्यातला मे महिना या माणसाने कदाचित ऐकूनही माहीत नसावा. मी म्हटलं, हळू फिरलेलं पातंही डोक्याला लागतंच. तर म्हणाले, “मुलगी वाकून चढू शकते ना? आठवडाभरात सवय होते.”

सवय! पन्नास-साठ हजारांचा पलंग घेऊन मुलीला वाकायची सवय लावायची. पुढचं ऐका. मी आडव्या कपाटाबद्दल विचारलं, की नकाशात मुलीसाठी कोपरा होता, तो का नाही. त्यावर तुमचे वरिष्ठ अधिकारी अगदी मायेने म्हणाले, “मॅडम, सख्खे भाऊबहीणच आहेत ना? घरच्या घरी प्रायव्हसी कशाला? आमच्या वेळी आम्ही सहा जण एका खोलीत झोपायचो.”

साहेब, आमच्याही वेळी झोपायचे. पण तेव्हा कोणी ‘टीन प्रायव्हसी झोन’ असं लिहून चौदा हजार रुपये लावत नव्हतं. तो मथळा तुमच्या कोटेशनमध्ये आहे, तुमच्याच शब्दांत. पैसे घेताना प्रायव्हसी असते आणि बसवताना भाऊबहीण असतात, हे मला कळलं नाही. माझी मुलगी सध्या बाथरूममध्ये कपडे बदलते आणि बाहेर धाकटा दार वाजवत उभा असतो. तेवढं तरी तुमच्या जाहिरातीत टाका.

मी म्हटलं, हे लेखी द्या. म्हणाले, “लेखी देण्याची पॉलिसी नाही.” मग तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला, सोबत पाच तारे द्या अशी विनंती.

धाकट्याच्या ड्रॉवरचं राहिलं. शिडीचा पाय एका ड्रॉवरच्या बरोबर समोर येतो. तो ड्रॉवर सहा इंच उघडतो, मग शिडीला आपटून थांबतो. पाच वर्षांच्या मुलाची खेळणी त्यात आहेत. तो रोज हात आत घालून ओढतो, बोटं चिमटतात. ही शिडी नकाशात नव्हती, हे मी पुन्हा लिहिते, कारण तुमच्याकडे कोणी एकदा ऐकलेलं ऐकत नाही.

पडद्याबद्दलही एक सांगते. तुमच्या माणसाने वरच्या पलंगाला स्लॅबपासून पडदा लावून देतो असा तोडगा सुचवला. पडदा वरच्या पलंगाला लावला की छताच्या पंख्याची हवा आत जात नाही, आणि तो पातीत अडकायची भीती वेगळी. पडदा खालच्या पलंगाला लागतो, धाकट्याला मोठीचा दिवा दिसू नये म्हणून. वर मोठीसाठी हवा भिंतीवरच्या पंख्याची. हे तुमच्या डिझायनर बाईंना माहीत होतं. त्यांना विचारा, म्हणजे त्या अजून तुमच्याकडे असतील तर.

मला पैसे परत नकोत. नकाशातलं काम हवंय. शिडी काढून पायथ्याशी भिंतीला लागून जिना बसवा. छताचा पंखा उतरवून भिंतीवरचे दोन लावा, त्यांच्या तारा नीट पट्टीत घ्या, मोकळ्या सोडू नका. वरची गादी पाच इंचांची द्या. कपाट आडवं करा, मुलीच्या भागाला कुलूप, आणि धाकट्यासाठी दांडा तीन फुटांवर. हे सगळं होईपर्यंत वरचा पलंग वापरात नाही, मुलगी हॉलमध्ये जमिनीवर झोपते. तुमच्या माहितीसाठी, तिथेही प्रायव्हसी नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आणि कामाची तारीख आली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवेन आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याप्रमाणे मला माझ्या जिल्ह्यातच दाद मागता येते, तुमच्या मुख्यालयाच्या गावी यायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फीसुद्धा नाही. हे मी तुमच्या अधिकाऱ्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “करा मॅडम, तुमचा हक्क आहे.” हे एकच वाक्य त्या फोनमध्ये बरोबर होतं.

काम करायला माणसं पाठवाल तेव्हा आधी फोन करा. सकाळी दहानंतर कोणी ना कोणी घरी असतं. त्यांच्याकडे मोजायची टेप असू द्या.

आपली,
तुमची आतापर्यंतची ग्राहक
सिंहगड रस्ता, पुणे