मा. अर्थमंत्री, माझं कार्ड मशीननं गिळलं त्याला आज चोवीस दिवस झाले

मा. केंद्रीय अर्थमंत्री यांना,
स.न.वि.वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, पाच एकर कोरडवाहू कपाशीचा धनी. ९ जूनला बियाण्यासाठी दहा हजार काढायला तालुक्याला गेलो. आमच्या बँकेच्या एटीएमचं शटर खाली होतं, म्हणून बाजाररस्त्यावरच्या दुसऱ्या बँकेच्या मशीनमध्ये कार्ड घातलं. पिन दाबला आणि लाइन गेली. मशीन पुन्हा सुरू झालं तेव्हा आत घरघर झाली आणि कार्ड कायमचं आत गेलं. नोटा नाहीत, पावती नाही, पण दहा हजार वजा झाल्याचा मेसेज मात्र वेळेवर. बाजूचा पानठेलेवाला म्हणाला, "काहून भाऊ, गिळलं का? या महिन्यातलं हे तिसरं हाय."

कार्ड लगेच बंद करा, असं तुमच्या बँका सांगतात. बरोबरच आहे. पण ज्या नंबरावर फोन करायचा तो छापलेला असतो कार्डाच्या पाठीवर, आणि कार्ड मशीनच्या पोटात! शेवटी पासबुकावरचा नंबर बायकोनं घरून वाचून दाखवला. कार्ड बंद झालं, तक्रार क्रमांक मिळाला. मशीनवरच्या स्टिकरचा आयडी आणि वेळ मी तळहातावर लिहून घेतली होती. तेवढंच शहाणपण पुढे कामी आलं.

दुसऱ्या दिवशी त्या मशीनच्या बँकेत गेलो. कळलं की अडकलेली कार्डं आतल्या पेटीत पडतात आणि ती पेटी नोटा भरणारी एजन्सी येईल तेव्हाच उघडते. उघडली तरी, "दुसऱ्या बँकेचं कार्ड आम्ही हातात देत नाही, कापून टाकतो." यातलं कारण मला पटतं, कुणाचंही कार्ड कुणालाही द्यायचं नसतं. आपल्याच बँकेचं मशीन असतं तर ओळखपत्र दाखवून कदाचित मिळालंही असतं. पण मग हे मशीनवर मराठीत लिहून का ठेवत नाही? माझी पहिली खेप वाचली असती.

आमच्या शाखेत नव्या कार्डाचा अर्ज दिला, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स जोडली. तीनशे रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ३५४ खात्यातून कापले. चूक विजेची, गिळलं मशीननं, दंड मला. "सात दिवसांत पोस्टानं घरी येईल," म्हणाले. अठराव्या दिवशी कळलं की कार्ड "पत्ता अपुरा" म्हणून परत गेलं. साहेब, आमच्या गावात घर नंबर नसतो. पोस्टमन मला टोपणनावानं ओळखतो, पाकिटावर ते नव्हतं.

आता त्या दहा हजारांचं ऐका. पैसे न निघता खात्यातून गेले तर बँकेनं व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत परत जमा करायचे, उशीर झाला तर रोजचे १०० रुपये न मागता द्यायचे, असं रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१९ मध्ये लिहून ठेवलंय. माझी मुदत १४ जूनला संपली, पैसे आले १८ ला. चार दिवसांचे चारशे झाले. ते आले नाहीत. मागितले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "असा काही नियम नाही." नियम मला ठाऊक आणि त्याला नाही, म्हणजे पगार कुणी घ्यावा?

तोवर बँकमित्राकडे अंगठा लावून काढायला गेलो. निंदण, डवरणी करून झिजलेला अंगठा मशीन ओळखत नाही. मग विथड्रॉल स्लिप भरून शाखेतून काढले, दोन तास रांगेत. चार खेपा, बसभाडं, बुडालेली मजुरी: माझ्या हिशेबानं अडीच हजारांवर गेलं. हिशेब कच्चा असेल, पण तुमचे अर्थसंकल्पही सुधारित अंदाज काढतातच ना! बियाणं उधारीवर आणलं, ती उधारी वेगळीच.

मशीनमध्ये महिन्यात दहा तासांहून जास्त नोटा नसल्या तर बँकेला दहा हजारांचा दंड असल्याचं वाचलं. मग गिळलेलं कार्ड महिनाभर पेटीत पडून राहिलं तर काय? डिजिटल भारताचे फलक आमच्या एसटी स्टँडवर लागलेत, त्यांच्याखाली बसायला बाकडं नाही. वीज तुमच्या खात्यात येत नाही म्हणाल. नाहीच येत, कुणाच्याच येत नाही.

माझी तीन कामं करा. माझे चारशे द्या, ३५४ परत करा आणि कार्ड पोस्टानं न पाठवता शाखेत ठेवा, मी येऊन सही करून नेईन. तक्रारीची पोच माझ्याकडे आहे. बँकेनं लेखी तक्रारीला उत्तरच दिलं नाही तर तीस दिवस होईपर्यंत रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येत नाही, आणखी सहा दिवस उरलेत. सातव्या दिवशी सकाळी १४४४८ वर फोन लावणार आहे.

आपला,
एक खातेदार