जुहूच्या सहलीसाठी दोऱ्या, जॅकेटं आणि चार माणसं पाहिजेत

नमस्कार मंडळी, परभणीत समुद्र कुठं आला म्हणून हसू नका, आधी वाचा मग हसा. आपल्या तलावावर सकाळी पोहायला येणाऱ्यांचं जे मंडळ आहे त्याच्यातर्फे हे लिहायलोय. दिवाळीनंतर इथल्या शाळांच्या सहली सुरू होतात, रात्री देवगिरीत बसायचं, सकाळी मुंबईत उतरायचं, राणीची बाग, गेटवे, आणि शेवटी दमलेली लेकरं संध्याकाळी चार-साडेचारला जुहूवर सोडायची. हा साडेचारचा टाइम कुणी ठरवला माहीत नाही पण कित्येकदा तोच सगळ्यात वाईट निघतो.

मागच्या वर्षी आमच्याच तलावावरचा एक पोरगा, अकरावीतला, विहिरीत वरून सूर मारणारा, तो तिथं गेला. बाकीची लेकरं लाटांत उड्या मारायली होती. याला लाटा नाकातोंडात जायल्या म्हणून तो जरा बाजूला सरकला, तिथं लाटाच फुटत नव्हत्या, पाणी कसं गुपचूप, सपाट. कंबरेएवढं पाणी होतं म्हणतो. मिनिटभरात पायाखालची वाळू गेली आणि मागं बघतो तर मास्तर एवढुसे दिसायले. मग त्यानं केलं काय, तर सरळ किनाऱ्याकडं हात मारत सुटला, जीव खाऊन. हात मारतोय पण जागचा हलत नाही. जीवरक्षकांनी बाहेर काढला म्हणून आज तो परत तलावावर येतो, पण खोलात अजून जात नाही.

तो गेला ती गुपचूप जागाच ओढीची होती. लाटा किनाऱ्याला पाणी आणून टाकतात, ते पाणी परत जायला वाट शोधतं, आणि वाळूच्या उंचवट्यांत जिथं खाच असते तिथनं ते पाटातून सुटावं तसं आत जातं. खाचेत पाणी खोल म्हणून तिथं लाट फुटत नाही, म्हणून ती जागा शांत दिसते. दोन्हीकडं पांढरा फेस आणि मधी काळसर पट्टा, त्याच्यावरचा फेस, कचरा, गढूळ वाळू आतल्या बाजूला सरकायली, असं दिसलं की ओळखायचं. ओढ साधी असली तर सेकंदाला अर्धा मीटर, जोराची असली तर दोन मीटरपर्यंत. आपल्यातला चांगला पोहणारा तलावात ५० मीटर मिनिटात काढतो, म्हणजे सेकंदाला एक मीटरसुद्धा नाही. आता तुम्हीच हिशोब करा की विहिरीत सूर मारणाऱ्यानं तिथं काय जिंकायचं.

ही ओढ माणसाला खाली नेत नाही, लांब नेते. बुडतो तो दमून. म्हणून अडकलं की उताणं होऊन तरंगायचं, खारं पाणी गोड्यापेक्षा बरं उचलून धरतं, एक हात वर करायचा, आणि जमत असेल तर किनाऱ्याला समांतर आडवं सरकायचं, कारण पट्टा बहुतेक वेळा अरुंद असतो. लाटा फुटायल्या त्या भागात आलं की त्याच लाटा किनाऱ्याकडं ढकलतात.

आता त्या साडेचारचं. घरात पंचांग असतंच. कोकणातल्या लोकांचा हिशोब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. त्या दिवशी पौर्णिमेनंतरची द्वितीया होती, दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास पाणी पूर्ण भरलं, आणि साधारण सहा तासांनी, साडेसात-पावणेआठला, पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, नक्की टाइम भरतीच्या तक्त्यात बघायचा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, मुंबईला भरती-ओहोटीचा फरक चार मीटरच्या आसपास असतो आणि त्यातला निम्मा उतार मधल्या दोनच तासांत होतो, म्हणजे आपली लेकरं बरोब्बर त्या वेळेला पाण्यात. ओढ लाटांमुळं तयार होते, ओहोटीमुळं नाही, पण पाणी उतरलं की वाळूचे उंचवटे वर येतात, सगळं पाणी त्या खाचांमधूनच जायला लागतं आणि ओढ वाढते. वर जुहू पडलं सपाट, पाणी मागं सरकतं तशी लेकरं त्याच्यामागं आत आत जातात, कुणाच्या ध्यानातच येत नाही.

मग अष्टमीला सहल न्यावी का? भांगाचे दिवस, फरक कमी, म्हणून बरं, पण त्याच्यावर विसंबू नका. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूड-जंजिऱ्याला समुद्रात पुण्याच्या कॉलेजची १४ मुलं बुडाली, तेव्हा पावसाळा नव्हता आणि तिथीसुद्धा अष्टमीच्या आसपासची होती. लाल झेंडा असला, अंधार पडायला लागला, जवळपास जीवरक्षक नसला, किंवा जून ते सप्टेंबर असला तर घोट्याच्या वर पाणी नको. कोळ्यांच्या मोठ्या बोटी १ जून ते ३१ जुलै बंद असतात, आणि आपले पर्यटक नेमके तेव्हाच लाटा बघायला जातात, काय म्हणावं.

तर मागणी अशी. आम्हाला प्रत्येक सहलीसोबत द्यायला फेकायच्या दोरीच्या पिशव्या करायच्यात, सध्या १२. एका पिशवीत २० मीटर दोरी, ८ मिलिमीटरची, पीपीची, ती तरंगते. नायलॉन आणू नका, नायलॉन बुडतो. हार्डवेअरवाले कुणी असतील तर दोरीच द्या, पैसे नको. पिशवी शिवायला एक टेलर पाहिजे, तळाशी थर्माकोलचा तुकडा टाकायचाय म्हणजे पिशवी तरंगते. शिवाय मास्तर लोकांसाठी ८ लाइफ जॅकेटं आणि शिट्ट्या. पाच लिटरचे रिकामे कॅनसुद्धा चालतात, घट्ट झाकण लावून, आपण लहानपणी पाठीला भोपळा बांधून शिकलो तसंच, गळ्याएवढ्या पाण्यात माणसाला तेवढा आधार पुरतो. कॅन मात्र गळका देऊ नका, आधी पाण्यात दाबून बघा.

आणि पैशापेक्षा माणसं पाहिजेत. चार रविवार, सकाळी ७ ते ९, तलावावर, मास्तर लोकांना दोरी फेकायला शिकवायची. दोरीचं टोक हातात धरायचं (हे विसरून अख्खी पिशवीच पाण्यात टाकणारे आम्ही तिघं आहोत, नावं सांगत नाही), पिशवी खालून झुलवून बुडणाऱ्याच्या खांद्यावरून पलीकडं टाकायची, म्हणजे दोरी त्याच्या अंगावर पडते. पहिली फेक चुकली तर दोरी परत पिशवीत भरत बसायचं नाही, गोळा करायची, पिशवीत पाणी भरायचं आणि फेकायची. मागून कुणी उडी मारायची नाही, मास्तरानंसुद्धा.

२० मीटर दोरी आहे आणि ओढ सेकंदाला एक मीटर धरली तर पोरगं २० सेकंदात दोरीच्या बाहेर जातं. म्हणून पिशवी बसमध्ये ठेवून उपयोग नाही, लेकरं पाण्यात जायच्या आधी एक जण गुडघ्याएवढ्या पाण्यात पिशवी हातात घेऊन उभा पाहिजे, आणि त्याच्याकडं मोबाईल नको. मोबाईल दुसऱ्याकडं, ११२ लावायला.

वस्तू, वर्गणी तलावावर सकाळी ६ ते ८ मधी खजिनदारांकडं द्या, पावती मिळेल. मागच्या वेळेस वर्गणीतून राहिलेले पैसे वहीत लिहिलेत, कुणीही येऊन बघा. शिवायचं काम या महिन्यात झालं पाहिजे कारण पहिली सहल लगेच निघायलीय आणि तिची तारीख ठरवणाऱ्यांनी पंचांग बघितलेलं नाही, आम्ही बघितलं, तृतीया आहे.