सणाच्या वाटपाबद्दल, तुला सांगायचं राहून गेलेलं

प्रिय मित्रा,

फोनवर तू विचारलंस की यंदा सणाला मांडव नाही, माईक नाही, मुलांना कपडे वाटायचं बंद केलंस का, आणि मी नुसतं "नाही रे, चालू आहे" म्हणून विषय बदलला. तेव्हा दुकानात गर्दी होती आणि ही गोष्ट दोन मिनिटांत सांगण्यासारखी नव्हती म्हणून आज सगळं लिहितोय, जरा लांबेल, सावकाश वाच.

दोन वर्षांपूर्वीचं ते वाटप तुला आठवत असेल, फोटो पाठवले होते मी. 60 मुलं, मुलींना फ्रॉक मुलांना शर्ट, सगळे एकाच प्रिंटचे. एकच प्रिंट का, तर त्या कापडाचे ताके दोन सीझन माझ्याकडे पडून होते, कुणी हात लावत नव्हतं. डेड स्टॉक म्हणजे काय ते तू दुकानदार नाहीस म्हणून सांगतो, नुसती जागा अडवत नाही तो, त्यात आपला पैसा झोपलेला असतो आणि वर्ष गेलं की घडीवर डाग पडायला लागतात. तेव्हा मला वाटलं की कापडही मार्गी लागेल आणि मुलांच्या अंगावर नवं काहीतरी येईल, यात वाईट काय. खरंच मनापासून वाटलं होतं.

फ्रॉक शिवले आमच्याकडे शिलाईचं काम करणाऱ्या ताईंनी. त्या पगारी नाहीत, नगावर आहेत, म्हणजे पॅन्टची उंची कमी करणं, फिटिंग, हुक-बटण, जेवढे नग तेवढे पैसे, वहीत रोज लिहायचं आणि पंधरा दिवसांनी हिशोब. त्या वेळी त्यांनी 32 फ्रॉक शिवले, शिवाय रोजचं ऑल्टरचं काम होतंच. सणाच्या आठ दिवस आधी त्यांनी पैसे मागितले. मी म्हणालो, ताई सण होऊ दे, सगळा पैसा मालात अडकलाय. हे खोटं नव्हतं, सणाआधी गल्ला रिकामा आणि रॅक भरलेलं हे प्रत्येक कापड दुकानात असतंच. त्या बरं म्हणाल्या आणि परत मशीनवर बसल्या.

त्यांची मुलगीही वाटपाच्या यादीत होती. यादी शाळेतून आलेली, मी नीट वाचलीही नव्हती.

सणाच्या दिवशी सकाळी ती आईबरोबर दुकानात आली, अंगावर जुनाच फ्रॉक, कमरेला आखूड झालेला. मी आपलं प्रेमाने विचारलं की अगं नवा कुठे गेला, तर म्हणाली, "तो घातला की सगळ्यांना कळतं." मला पटकन समजलंच नाही काय कळतं ते. मग बाहेर बघितलं तर समोरून तीन मुलं चालली होती त्याच प्रिंटमध्ये आणि दुकानात आलेल्या एका बाईंनी कौतुकानेच म्हटलं, "ही तुमच्या वाटपातली ना?" एका ताक्यातनं कापड काढून मी 60 मुलांवर शिक्का मारला होता रे. आणि सणाच्या दिवशी, जेव्हा प्रत्येक मुलाला आपण सगळ्यांसारखे दिसावं एवढंच हवं असतं.

ताई रागावल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या की माझे शिलाईचे पैसे मिळाले असते तर हिला हवा तो फ्रॉक मी इथूनच घेतला असता.

त्या रात्री दुकान बंद केल्यावर मी वही काढली. त्यांचे 19 दिवसांचे नग बाकी होते, त्यात ते 32 फ्रॉकही होते. म्हणजे मी माईकवर उभं राहून जे वाटलं त्याची शिलाई अजून दिलेलीच नव्हती, आणि त्या मुलीला जो फ्रॉक "दान" म्हणून दिला तो तिच्या आईच्या थकलेल्या मजुरीतलाच होता. मग पुढची पानं बघत गेलो. व्यापाऱ्यांची बिलं जवळजवळ सगळी भागवलेली, कारण ती थांबवली तर पुढचा माल येत नाही. बाकी कुणाची, तर ताईंची, माल उतरवणाऱ्या हमालाची, सणापुरत्या ठेवलेल्या दोन पोरांची. जो मला अडवू शकतो त्याला आधी पैसे आणि जो अडवू शकत नाही त्याला सणानंतर. इतकी वर्षं वही मीच लिहितोय आणि हे मला कधी दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांचे दिले. ते दान नाहीच, ती उधारी होती, फक्त आपण तिला उधारी म्हणत नाही.

आता सणाच्या 15 दिवस आधी सगळ्यांचा हिशोब चुकता होतो आणि मगच वाटपाला किती उरतात ते बघतो.

वाटपाची पद्धतही बदलली. आम्ही गिफ्ट कूपन विकतो ना, लोक एकमेकांना देतात ती, त्यातलीच कूपनं शाळेतल्या बाईंकडे देतो आणि त्या परस्पर पालकांना देतात. कुणाला दिली ते मला सांगायचं नाही असं ठरलंय. येणारा कुठल्याही गिऱ्हाईकासारखा येतो, निवडतो, घालून बघतो, तसंच बिल, तीच पिशवी.

पण गेल्या वर्षी पहिल्यांदा केलं तेव्हा चुकलंच. सण झाल्यावर बदलून नेलेल्या मालाचं रजिस्टर चाळत होतो तर कूपनवर गेलेल्या कपड्यांपैकी एकही बदलायला आलेला नव्हता. मित्रा, लहान मुलांच्या कपड्यात हे होऊच शकत नाही, बाही घट्ट होते, गळ्यातून डोकं जात नाही, दहातले एक-दोन तरी परत येतातच. खोदून विचारलं तेव्हा कळलं की काउंटरवरच्या पोराने कूपनचे नंबर ओळखून ठेवले होते, एकाच गठ्ठ्यातले सलग नंबर होते ते, आणि अशा लोकांना तो मागच्या रॅककडे न्यायचा जिथे फुटके सेट ठेवतो आम्ही, म्हणजे मधली मापं विकली जाऊन अगदी लहान आणि अगदी मोठी उरलेली. त्याला वाटायचं मालकाचं नुकसान वाचवतोय. त्याला काय बोलणार, तो माझ्याकडेच शिकलाय. यंदा मात्र कूपनं सगळ्या गठ्ठ्यांतून मिसळून काढली, आता मलाही ओळखता येत नाहीत.

याला एक किंमत आहे तीही सांगतो. तेवढ्याच पैशात आधी 60 मुलं व्हायची, आता 23 झाली. पडून राहिलेलं कापड आणि नव्या सीझनचा माल यात फरक पडणारच. बाकीच्या मुलांचा विचार मनातून जात नाही, रात्री झोपताना आकडा आठवतो. पण म्हणून परत एका ताक्यातून 60 शिवायचे का, तर ते आता माझ्या हातून होणार नाही.

तो पडून राहिलेला माल आता सीझन संपला की सरळ सेलला लावतो, सगळ्यांसाठी.

यंदा सणाच्या तिसऱ्या दिवशी एक बाई तणतणत आल्या. शर्ट काउंटरवर टाकला, "काय हो, आठ नंबर म्हणता आणि सहाच्या पोराला होत नाही, काय माल ठेवता तुम्ही?" मी बिल बघितलं तर कूपनवरचं. पोराने माझ्याकडे बघितलं, मी काहीच बोललो नाही. दहा नंबर काढून दिला, त्यांनी उजेडात नेऊन शिलाई तपासली, रंग नको म्हणाल्या, दुसरा मागितला, मग तिसरा. बराच वेळ लागला त्यांना.

तुझा,
मित्र