नानांच्या निरोपाचं भाषण

प्रिय ताई,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस की तुमच्या जिनिंग कारखान्यात कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर नाना निवृत्त होताहेत, ऑफिसच्या वतीने त्यांच्या निरोपाचं भाषण तुझ्या गळ्यात आलंय आणि काय बोलावं ते सुचत नाही. शाळेत असताना इतके निरोप समारंभ जवळून पाहिले, काहींचं संचालनही केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. फोनवर सांगितलं असतं तर अर्धं राहून गेलं असतं.

आधी तुझी पाळी कुठे आहे ते लक्षात घे. मालक बोलतील, मानपत्र वाचलं जाईल, शाल-श्रीफळ होईल, मग तू. नाना कधी लागले, कुठून आले, काय काय सांभाळलं, हे सगळं तोवर सांगून झालेलं असणार. ते पुन्हा सांगू नकोस. मंचावरच्या प्रत्येकाचं नाव घेऊन सुरुवात करण्याचीही गरज नाही, ते संचालकाने केलेलं असतं. मागे वरणबट्टीचा वास सुटलेला, हमाल मंडळी सकाळपासून उभी. तुला मिळाली तर तीन मिनिटं. सावकाश बोललं तर तेवढ्यात तीनेकशे शब्द होतात. तू दोनशेच्या आसपास लिही.

तू मला वाचून दाखवलंस त्यात 'मनमिळाऊ, कष्टाळू, प्रामाणिक' असं होतं. नाना तसे आहेतच. पण नानांचं नाव झाक आणि तिथे तुमच्या हेडक्लार्कचं नाव घाल, वाक्य तसंच चालतं. जे वाक्य दुसऱ्याला चालतं ते काढून टाक. त्याऐवजी वजनकाट्यावरच्या माणसाला विचार, हमालांना विचार, नानांच्या घरी काकूंना विचार, आणि एवढंच विचार की नाना असं काय करतात जे दुसरं कोणी करत नाही. 'नाना कसे आहेत' असं विचारलंस तर सगळे 'देवमाणूस' म्हणतील आणि तू होतीस तिथेच राहशील.

खरं तर तुझ्याकडे ते आहेच. अवकाळी पावसात भिजलेल्या कापसाच्या गाडीची गोष्ट तू दिवाळीत घरी सांगितली होतीस, तेव्हा आई जेवताना थांबली होती. तीच घे, आणि एकच घे. तीन गोष्टी सांगितल्या की एकही लक्षात राहत नाही. मात्र बोलण्याआधी काट्यावरच्या माणसाकडून खात्री करून घे, कारण ज्यांनी ती पाहिली ते समोरच बसलेले असतील. त्या शेतकऱ्याचं नाव मात्र घेऊ नकोस. त्याचा माल भिजला होता, ते चारचौघांत त्याच्या नावासकट कशाला?

आणखी एक जपायचं. ही गोष्ट सांगताना 'बाकीचे भाव कापतात, नानांनी कापला नाही' असं वळण सहज लागतं. मालक पहिल्या रांगेत असतील. नानांना मोठं करताना दुसऱ्या कोणाला खाली बसवलं तर नाना स्वतःच अवघडतील. म्हणून त्यात कारखान्याचंही भलं झालं ते सांग. आणि ते खरंच आहे. ओला कापूस नीट जिन होत नाही, म्हणजे सरकी नीट सुटत नाही, रुईत गुठळ्या राहतात, गंजीत ठेवला तर गरम होऊन पिवळा पडतो.

मी एक मसुदा करून पाहिला. तुझ्या तोंडी बसेल तसा बदल.

"नाना, मी इथे आले तेव्हा कापूस कुठला आणि रुई कुठली हेही मला नीट कळत नव्हतं. तुमच्या शेजारी उभं राहून शिकले. गाडी लागली की तुम्ही वरचा माल बघतच नाही. कोपरापर्यंत हात आत घालता, मधला मूठभर काढता, धागा दोन चिमटींत ओढून त्याची लांबी बघता, आणि एक सरकी दाताखाली धरता. कट्‌ वाजली तर माल कोरडा. आता ओलावा मोजायचं मशीन आलंय, तरी काट्यावरचे सगळे आधी तुमच्या तोंडाकडे बघतात.

त्या अवकाळीत चोपड्याकडची एक गाडी आली. माल वरून भिजलेला. परत पाठवली असती तरी कोणी काही म्हटलं नसतं. तुम्ही म्हणालात, 'भाऊ, माल ओला शे. वाळाले टाक.' पटांगणात ताडपत्र्या पसरल्या. दुपारभर तो शेतकरी कापूस खालीवर करत होता आणि तुम्ही मधून मधून येऊन सरकी चावून बघत होता. उन्हं उतरता उतरता काटा झाला. त्याला कोरड्या मालाचा भाव मिळाला, कारखान्याला कोरडा माल मिळाला.

काकू, संध्याकाळी नानांच्या सदऱ्याला चिकटलेली रुई तुम्ही इतकी वर्षं झटकलीत. हंगामात त्यांना घरी यायला उशीर झाला तो आमच्यामुळे. तुम्हालाही आमचा नमस्कार.

नाना, दसऱ्याला नवा हंगाम लागेल. पहिल्या गाडीला तुम्ही या, आणि नव्या ग्रेडरला सरकी कशी चावायची ते दाखवा."

एवढंच. 'उर्वरित आयुष्य सुखाचे, समाधानाचे आणि निरोगी जावो' हे शेवटी जोडू नकोस. तुझ्या आधी ते निदान चौघांनी म्हटलेलं असेल, आणि पहिल्या गाडीला या म्हटल्यावर नानांना जे ऐकायचंय ते ऐकून झालेलं असेल. नानांचं बोलणं अहिराणीतलं आहे ते तसंच ठेव, पुस्तकी करू नकोस. हमालांच्या रांगेतून तिथेच दाद येईल. दाद आली की थांब, हसू ओसरू दे, मग पुढचं वाक्य घे.

भाषण नानांकडे तोंड करून बोल, 'नाना असे आहेत' असं लोकांना सांगत बसू नकोस. समोर बसलेल्या माणसाबद्दल 'ते, त्यांना' म्हणत राहिलं की शोकसभेसारखं वाटायला लागतं. फक्त काकूंचं वाक्य येईल तेव्हा मान तिकडे वळव. त्या बहुतेक बायकांच्या बाजूला मागे बसतील. आधीच बघून ठेव, नाहीतर ऐन वेळी शोधत राहशील.

तुझा गळा दाटून येणार हे मला माहीत आहे, आणि तो काकूंच्या वाक्याला येईल. म्हणूनच ते शेवटी ठेवलं नाही. त्यानंतर दसऱ्याचं वाक्य आहे, त्यात सगळे हसतील आणि तूही सावरशील. आवाज अडकलाच तर कागदाकडे बघ, एक घोट पाणी पी आणि तेच वाक्य पहिल्यापासून म्हण. माफी मागू नकोस. कागद हातात ठेव, मोठ्या अक्षरात, एका बाजूला लिहिलेला. पाठ केलेलं भाषण मधेच विसरलं की माणूस 'थोडक्यात' म्हणत भलतंच बोलू लागतो. त्यापेक्षा वाचलेलं बरं. आदल्या रात्री आईला फोनवर मोठ्याने वाचून दाखव, घड्याळ मी लावतो.

भाषण झालं की तो कागद घडी करून नानांच्या हातात दे. मानपत्र फ्रेममध्ये जाईल, हा कागद ते घरी पुन्हा वाचतील.

आखाजीला येते आहेस ना? आईने आत्तापासून पापड-कुरडयांचा घाट घातलाय. कार्यक्रमाची तारीख पक्की झाली की कळव, आणि नानांना माझा नमस्कार सांग.

तुझे,
बाबा