कलप लावायला नाही म्हणालीस त्याबद्दल

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

रामबागेतल्या तुझ्या दोन खुर्च्यांच्या पार्लरमध्ये मी अकरा वर्षं दर तीन आठवड्यांनी येत होते. त्याआधी घरीच बेसिनसमोर उभी राहून लावायचे. सदतिसाव्या वर्षी कानाशी पहिली पांढरी बट दिसली आणि तेव्हापासून 32 वर्षं कलप सुटला नाही.

दीड वर्षापूर्वीचा तो दिवस तुला आठवत असेल. वाटीत कलप कालवून झाला होता. तू माझे केस मागे घेतलेस आणि थांबलीस. कानामागची कातडी लाल, ओलसर झाली होती. "काकू, हे कधीपासून?" मी सांगितलं, गेल्या तीन वेळेला होतंय, दुसऱ्या दिवशी खाज सुटते, पापण्या जड होतात, आठवड्याभरात बसतं. तू वाटी बेसिनमध्ये ओतलीस. "आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. तोवर मी लावणार नाही." तुझे पैसे बुडत होते, तरी.

डॉक्टरांनी पाठीवर छोट्या चकत्या चिकटवल्या. दोन दिवस पाठ भिजवायची नव्हती. काढल्या तेव्हा एका जागी लाल, बारीक फोडांचा गोल उठला होता. पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलीनडायमीन. काळ्या कलपात केसाच्या आत जाऊन रंग धरतं ते हेच. मी म्हटलं, एवढी वर्षं तर सोसलं! ते म्हणाले, अशी अ‍ॅलर्जी कितीही वर्षांनी सुरू होऊ शकते आणि एकदा झाली की सहसा जन्मभर राहते. पुढच्या वेळी डोळे पार मिटतील इतकी सूजही येऊ शकते.

बहिणीने अमोनिया नसलेला कलप सुचवला, जावेने काळ्या मेंदीचं पाकीट आणून दिलं. दोन्ही तुझ्याकडे आणले. तू चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचलीस आणि दोन्हीकडे तेच नाव बोटाने दाखवलंस. अमोनिया काढला म्हणून पीपीडी जात नाही, आणि साधी मेंदी केस काळे करत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मग तू टेपने मोजलंस. भांगापासून कानापर्यंत पंधरा सेंटीमीटर. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, म्हणजे कानाइतके आखूड ठेवले तरी सव्वा वर्ष. माझा अंबाडा गेला. तो कापताना तू मला आरशाकडे पाठ करून बसवलंस, हे मी विसरले नाही.

चौथ्या-पाचव्या महिन्याचे दिवस सगळ्यांत वाईट. वर दोन-तीन बोटं पांढरं, खाली काळंभोर, मध्ये आखल्यासारखी रेघ. मुलगा म्हणाला, "आई, तू आजारी वाटतेस." सुनेला नातवाच्या मुंजीच्या फोटोंची काळजी. ते मी ऐकून घेतलं. पण महालक्ष्म्यांच्या जेवणाला, भरल्या घरात, नणंद म्हणाली, "वहिनी, दादा धडधाकट असताना हे काय विधवेसारखं?" हातातलं पुरणाचं ताट मी खाली ठेवलं. रात्री ह्यांनी बहिणीला फोन केला. काय बोलले ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तुझ्या दारात होते. "एकदाच लाव, मुंज होईपर्यंत." तू समजावलं नाहीस, रागावलीही नाहीस. चहा मागवलास, मला रडू दिलंस. मग कंगव्याच्या टोकाने सरळ भांग मोडून नागमोडी पाडलास. रेघ तुटली, काळं-पांढरं एकमेकांत मिसळलं. ब्लीच करून खालचे केसही पांढरे करता आले असते, पण दुखऱ्या कातडीवर ते नको म्हणालीस. मुंजीत मी तोच भांग पाडून, अबोलीचा गजरा माळून बसले.

पुढे पांढऱ्यावर पिवळट झाक आली, तेव्हा तेल रात्रभर न ठेवता तासाभराने धुवायला सांगितलंस, आणि आठवड्यातून एकदा जांभळा शाम्पू, दोनच मिनिटं. ती झाक बरीच गेली.

गेल्या महिन्यात शेवटची काळी टोकं तू कापलीस. त्या दिवशी पैसे घेतले नाहीस, म्हणून हे पत्र.

आणखी एक. परवा नणंदेने फोन करून हळूच विचारलं, "तुझं ते कानामागे कसं सुरू झालं होतं?" तिला गुरुवारी तुझ्याकडे घेऊन येते. वाटी काढण्याआधी तिचे कान बघ.

तुझी,
काकू