काका, बाटलीच्या निरोपाबद्दल आभार

आदरणीय काका,
सा. न.

मुद्रितं तपासण्यात तुमचा जन्म गेला, तरी चौथी ‘ब’च्या पालकांच्या ग्रुपवरचा चार ओळींचा निरोप तुम्ही जिन्यात उभं राहून, चष्मा लावून वाचलात. त्याबद्दल हे पत्र.

सईच्या बाबांनी लिहिलं होतं: ‘सर्वांना कळविण्यात येते कि काल सहलीत आमची निळी स्टीलचे झाकण असलेली बॉटल कोणीतरी घेतली आहे तरी कृपया परत करावी ही नम्र विनंती.’ ऑफिसात नोटिसा काढणाऱ्या माणसाचा हात, दुसरं काय!

‘कि’ची ‘की’ तुम्ही बोलता बोलता केलीत, ‘कृपया’ आणि ‘विनंती’ दोन्ही कशाला म्हणून दोन्ही काढलेत. पण खरे अडलात ते बाटलीपाशी. बाटली स्टीलची आणि झाकण निळं. वाक्यात मात्र बाटली निळी झाली होती आणि झाकण स्टीलचं. लोकांनी भलतीच बाटली शोधली असती. ‘काल’ खोडून वार आणि तारीख घातलीत, कारण ग्रुप कुणी रात्री उघडतो, कुणी दोन दिवसांनी. ‘कोणीतरी घेतली’ वाचून मात्र तुम्ही मान हलवलीत. एवढ्याशा पोरांच्या आयांना हे चोरीसारखं लागेल, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग सईलाच समोर बसवून विचारलंत, शेवटचं पाणी कुठं प्यालीस? त्यातून हा निरोप झाला:

‘नमस्कार. चौथी ‘ब’मधील सईची पाण्याची बाटली शनिवारी, १३ डिसेंबरला पन्हाळ्याच्या सहलीत हरवली आहे. बाटली स्टीलची असून झाकण निळे आहे. तळाशी ‘सई’ असे नाव घातले आहे. गडाच्या ‘तीन दरवाजा’पाशी बसमध्ये चढताना ती तिच्याकडे होती. बिंदू चौकात उतरल्यावर नव्हती. चुकून कोणाच्या दप्तरात आली असल्यास सोमवारी वर्गात बाईंकडे द्यावी. सापडली तरच मला कळवावे. – सईची आई’

बिंदू चौकाचं ते वाक्य सगळ्यात कामाचं ठरलं. बाटली गडावर नाही, बसमध्येच राहिली असणार, हे वाचणाऱ्याला आपोआप कळलं. रात्रीच एका आईचा फोन आला: शेजारच्या सीटवरच्या मुलाच्या दप्तरात, डब्याच्या पिशवीखाली होती.

आणि ‘सापडली तरच’! एरवी ‘आमच्याकडे नाही’ म्हणून तीस-चाळीस उत्तरं येतात, आणि त्यात बाईंची गृहपाठाची सूचना वर निघून जाते. या खेपेला ग्रुप गप्प होता. तुम्ही सांगितल्याप्रमाणे त्याच निरोपाला उत्तर देऊन ‘बाटली मिळाली, आता शोधू नये’ एवढंही लगेच टाकलं.

बाटलीवर नाव घालायची अक्कल सईच्या आजीची, तिचेही आभार. काकूंना नमस्कार सांगा.

आपली,
सईची आई